फॉर्मच्या फोटोवरची टिक, फुली आणि गोल: हो की नाही कसं भरायचं

आमच्याकडे जळगावला दरवर्षी दोन-तीन नवीन पोरं-पोरी डेटा एन्ट्रीला येतात, टायपिंग सगळ्यांचं चांगलं असतं, नाव-गाव-क्षेत्र फटाफट भरतात, आणि मग चौकटीवाल्या प्रश्नांपाशी येऊन गडबड करतात. त्यांना वाटतं यात काय आहे, टिक असेल तर हो, नसेल तर नाही. हे "नसेल तर नाही" आहे ना, सगळा घोळ तिथेच आहे. म्हणून हे एकदाचं लिहून ठेवतोय, उदाहरण केळीवाल्या शेतकऱ्यांच्या सर्व्हेचं घेतो कारण आमच्याकडे तेच जास्त येतं, रावेर-यावलकडून. गावातली पोरं फॉर्म भरून घेतात, मोबाईलवर फोटो काढतात, आणि फोटो आपल्याकडे येतात. कागद आपल्या हातात कधीच येत नाही हे लक्षात ठेवा.

आधी फोटोचं बघा

फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो दाबून लहान करतो, पेन्सिलची बारीक टिक त्यातच जाते. म्हणून पाठवणाऱ्याला सांगायचं की डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग मूळ फोटो जसाच्या तसा येतो. दुसरं, काही जण स्कॅनच्या ॲपमधून काळा-पांढरा करून पाठवतात, दिसायला एकदम झेरॉक्ससारखं स्वच्छ, पण आपल्या कामाला ते वाईट. रंगीत फोटोत छापील अक्षर काळं आणि पेनाची खूण निळी दिसते, त्यामुळे चौकटीची रेघ कुठली आणि माणसाने ओढलेली कुठली ते लगेच कळतं. काळ्या-पांढऱ्यात दोन्ही सारखंच, आणि फिकट खूण तर उडूनच जाते.

एका फॉर्मचे पुढचा-मागचा असे दोन फोटो हवेत आणि नाव नीट हवं, आम्ही `YAV_037_1.jpg` आणि `YAV_037_2.jpg` असं ठेवतो, यावल, फॉर्म 37, पुढची बाजू, मागची बाजू. मागच्या बाजूला एकही प्रश्न नसला तरी फोटो हवा, का ते पुढे येईलच.

भरायच्या आधी कॉलम कसे करायचे

एका प्रश्नाला एक कॉलम असं करू नका. "खालीलपैकी काय वापरता" असा प्रश्न आणि त्याखाली चार चौकटी असतील तर चार कॉलम, प्रत्येकाला स्वतःचं हो किंवा नाही. एकाच सेलमध्ये "टिश्यू, माती परीक्षण" असं लिहून ठेवलं तर पुढे मोजणाऱ्याचं डोकं फिरतं. गोल करायच्या प्रश्नालाही हेच. "मृगबाग / कांदेबाग" मध्ये कशावर गोल आहे ते एका कॉलममध्ये नाही लिहायचं, मृगबाग एक कॉलम, कांदेबाग दुसरा. कारण आपल्याकडे एकाच शेतकऱ्याच्या दोन्ही बागा असतात, जून-जुलैची लागवड एका शेतात आणि ऑक्टोबरनंतरची दुसऱ्यात, मग तो दोन्हींवर गोल करतो आणि ते बरोबरच असतं. नवीन पोरगा बाहेरचा असला की त्याला वाटतं चूक झाली शेतकऱ्याची, एक गोल सोडून देतो. प्रश्नात दोन उत्तरं एकत्र बसू शकतात का हे आधी विचारून घ्यायचं, फोटो बघून ते कळत नाही.

सेलमध्ये काय लिहायचं, तर आम्ही आकडे लिहितो:

```
1 = हो
0 = नाही
9 = उत्तर दिलेलं नाही
8 = खूण आहे पण कळत नाही
7 = प्रश्न लागूच नाही
```

7 कधी, तर फॉर्ममध्येच लिहिलेलं असतं "ठिबक नसेल तर पुढचा प्रश्न सोडा", आणि त्याने नियमाप्रमाणे सोडला. ते 9 नाही, तिथे त्याने उत्तर टाळलेलं नाहीये. सेल रिकामा कधीच ठेवायचा नाही, रिकामा सेल म्हणजे "अजून भरला नाही" इतकंच. शीटमध्ये डेटा व्हॅलिडेशन लावून हे पाचच आकडे चालतील असं करून टाका, आणि शेवटी एक टीप नावाचा कॉलम ठेवा, त्यात डोळ्याला काय दिसलं ते लिहायचं.

आकड्यांचा एक धोका सांगतो कारण मी स्वतः त्यात पडलोय. पहिल्या वर्षी 60 फॉर्म होते, ठिबकच्या कॉलमची मी सरळ बेरीज मारली आणि साहेबांना सांगितलं 94 शेतकऱ्यांकडे ठिबक आहे. साहेब बघतच राहिले, भो फॉर्म किती आहेत? झालं असं की 40 जण हो होते आणि 6 जणांचं उत्तर नव्हतं, ते सहा नव्वे चोपन्न बेरजेत आले. तर बेरीज नाही, मोजणी करायची:

```
=COUNTIF(F2:F61,1)
```

खूण वाचायच्या आधी माणूस वाचा

आता खरं काम. पहिल्या प्रश्नापासून भरायला सुरुवात करू नका, आधी पूर्ण फॉर्मवरून दोन्ही बाजूंनी नजर फिरवा आणि एकच गोष्ट शोधा, हा माणूस खूण कशी करतो. भरणारा प्रत्येक जण स्वतःची एक पद्धत धरतो आणि बहुतेक वेळा शेवटपर्यंत तीच चालवतो.

कोणी फक्त टिक करतो. जे आहे तिथे टिक, बाकी मोकळं. याच्या फॉर्मवर चार चौकटींत एक जरी टिक असेल तर बाकी तीन 0, त्याने प्रश्न वाचलाय आणि निवड केलीये. पण चारही मोकळ्या असतील तर चारही 9, मग त्याच्याकडे खरंच काही नाही की प्रश्नच राहून गेला ते आपल्याला माहीत नाही. फॉर्मवर "यापैकी काही नाही" अशी पाचवी चौकट छापलेली असती तर हा त्रास झाला नसता, पण छापणारे ती विसरतातच.

कोणी टिक आणि फुली दोन्ही करतो. शाळेत बाई वही तपासायच्या तसं, बरोबर तिथे टिक, चूक तिथे फुली. याच्या फॉर्मवर टिक 1, फुली 0, आणि मोकळी चौकट 9. इथेच नवीन माणूस फसतो. ज्याला "नाही" म्हणायला फुली करायची सवय आहे त्याने एखादी चौकट मोकळी सोडली तर ते नाही नव्हे, त्याला नाही म्हणायचं असतं तर त्याने फुली मारली असती ना. म्हणजे सारखीच मोकळी चौकट, एका फॉर्मवर 0 आणि दुसऱ्या फॉर्मवर 9, आणि दोन्ही बरोबर.

तिसरा प्रकार, फुली म्हणजेच निवड. अख्ख्या फॉर्मवर टिक एकही नाही, नुसत्या फुल्या, आणि त्याही थोड्याच चौकटींत. हा माणूस फुलीने "हे" म्हणतोय. पण अंदाजाने ठरवू नका, फॉर्मवर अशी चौकट शोधा जिचं उत्तर दुसरीकडून माहीत आहे. नावापुढे "बाई" आहे आणि फुली महिलाच्या चौकटीत आहे, म्हणजे फुली म्हणजे हो. फुली पुरुषच्या चौकटीत असेल आणि महिलाची मोकळी, तर तिच्या हिशोबाने फुली म्हणजे खोडलं. एवढ्या एका चौकटीवरून पूर्ण फॉर्मची चावी मिळते.

आणि चौथा खोडणारा. आपल्या सरकारी फॉर्मवर "लागू नसेल ते खोडा" इतकी वर्षं छापत आलेत की जुन्या माणसांच्या हाताला तीच सवय आहे. प्रश्न असतो "हो / नाही, योग्य पर्यायाला गोल करा", आणि काका गोल करतच नाहीत, "नाही" वर रेघ मारून मोकळे होतात. याचा अर्थ हो. घाईत बघणाऱ्याला "नाही" पाशी शाई दिसते आणि तो 0 टाकतो, एकदम उलट.

यात मराठी अक्षराची अजून एक गंमत आहे. रेघ जर शिरोरेषेच्या जवळून गेली तर फोटोत ती खोडलेली वाटतच नाही, शिरोरेषाच जाड छापली गेलीये असं वाटतं. आणि रेघ थोडी खाली असली की प्रश्न पडतो, हे खोडलंय की अधोरेखित केलंय? अधोरेखित म्हणजे निवडलं, खोडलं म्हणजे सोडलं. झूम करा आणि दोन गोष्टी बघा. एक, रेघ शब्दाच्या दोन्ही टोकांना बाहेर निघालीये का, छापील शिरोरेषा शब्दासोबत संपते, हाताची रेघ जरा पुढे जाते. दोन, रेघ "ना" चा काना कापते का, कापत असेल तर खोडलंय, कान्याच्या खालून जात असेल तर अधोरेखित. तरी कळलं नाही तर 8, आणि टीपमध्ये लिहा "नाहीच्या पायाशी रेघ".

गोल कुठे आहे ते बघणं

गोल करणारे लोक नीट गोल करत नाहीत, त्यांची अंडी असतात. "हो / नाही" एकदम जवळ छापलेलं असतं आणि अंडं "हो" पासून सुरू होऊन "ना" ला चाटून जातं. आम्ही असं ठरवलंय की कुठला शब्द पूर्ण आत आहे ते बघायचं. "हो" पूर्ण आत आणि "नाही" चा नुसता ना कापला, तर हो. दोन्ही अर्धे-अर्धे आत आणि अंड्याचा मध्य बरोबर तिरप्या रेघेवर, तर 8. आणि दोन गोल असतील, एकावर परत-परत गिरवून काट मारलेली असेल, तर काट मारलेला रद्द, दुसरा धरायचा. पण हे टीपमध्ये टाका, कारण कधीकधी पेन चालत नाही म्हणून पण माणूस गिरवतो. गिरवलेल्या रेघा गोलाच्याच वाटेने फिरत असतील तर गिरवलंय, गोलाला आडव्या जात असतील तर खोडलंय.

जी खूण नाहीच ती

पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी छापलं की मागची शाई पुढे दिसते. त्या खुणा फिकट असतात आणि उलट्या असतात. आपली टिक कशी, डावीकडे लहान पाय खाली येतो आणि उजवीकडे लांब हात वर जातो. मागून आलेली असेल तर लांब हात डावीकडे दिसेल. अशी टिक दिसली की मागच्या बाजूचा फोटो उघडा आणि त्याच उंचीवर, पण आडवं उलटं, म्हणजे इथे डावीकडे असेल तर तिथे उजवीकडे, खूण आहे का बघा. असेल तर पुढची खोटी. फक्त, काही डावखुरे लोक टिक अशीच उलटी काढतात, म्हणून फॉर्मवरच्या बाकीच्या टिकापण बघायच्या, सगळ्याच उलट्या आणि ठळक असतील तर खऱ्या आहेत.

आणि केळीच्या भागात एक अजून, चीक. घड कापणीच्या वेळी फॉर्म भरून घेतला की बोटाचा चीक कागदाला लागतो आणि तो वाळला की काळपट-तपकिरी डाग पडतो, कपड्यावरचा निघत नाही तसाच. चौकटीवर पडला की भरलेल्या चौकटीसारखा दिसतो. डागाच्या कडा पसरट असतात आणि तो चौकटीची रेघ न बघता बाहेर जातो, पेनाच्या खुणेत मध्ये-मध्ये कागद दिसतो. इथे पण रंगीत फोटोच कामाला येतो.

अमळनेर-पारोळ्याकडचे फॉर्म आले तर चौकटीत खूण नसते, बाजूला अहिराणीत "शे" नाहीतर "नही" लिहिलेलं असतं. शे म्हणजे आहे, सरळ 1. एका काकांनी ठिबकपुढे "थोडं शे" लिहिलं होतं, प्रश्न "आहे का" एवढाच होता म्हणून 1, आणि थोडं टीपमध्ये.

फॉर्म 37, पहिल्यापासून

आता एक फॉर्म सगळा करून दाखवतो, यावल तालुक्यातला. आधी नजर फिरवली. मागच्या बाजूला चौकटीत टिकापण आहेत आणि फुल्यापण, पुढच्या बाजूला एका ठिकाणी खोडलंय, बाकी गोल आहेत. म्हणजे हा माणूस नाही म्हणायचं असेल तर स्पष्ट करून दाखवणारा आहे.

ठिबक आहे का, हो / नाही. "नाही" वर रेघ, दोन्ही टोकांना बाहेर निघालेली, काना कापलेला. 1.

ठिबकमधून खत सोडता का. अंडं, "हो" पूर्ण आत, ना ला थोडं लागलंय. 1. वरच्या उत्तराशी जुळतंय पण. मात्र जुळतंय म्हणून 1 नाही टाकला, गोल बघून टाकला, हा फरक सोडू नका. न जुळणारं असतं तरी जे दिसतं तेच टाकलं असतं.

लागवड, मृगबाग / कांदेबाग. मृगबागवर गोल, कांदेबागला हातच लावलेला नाही. मृग 1, कांदे 0, कारण निवड केलेली आहे.

पीक विमा घेतला का. "हो" वर गोल, "नाही" च्या शेजारी एक फिकट उलटी टिक. मागचा फोटो उघडला तर तिथे त्याच उंचीवर टिक आहे, माती परीक्षणची. म्हणजे ती मागून आली. विमा 1.

मागच्या बाजूला "खालीलपैकी काय वापरता": टिश्यू कल्चर रोपं टिक, कंद फुली, बंच कव्हर मोकळी, माती परीक्षण टिक. हा फुलीवाला माणूस आहे, म्हणून मोकळं ते 9:

```
q8_tc   q8_kand   q8_cover   q8_mati
1       0         9          1
```

शेजारी बसलेली नवीन मुलगी म्हणाली, दादा, तीन भरल्यात, एक मोकळी, सरळ 0 टाका ना. मी म्हटलं थांब, याचा निकाल नंतर लावू.

तपासणी

शंभर फॉर्म झाले की त्यातले वीस दुसऱ्या कोणालातरी पहिल्यापासून भरायला द्या, आपलं शीट न दाखवता. मग आपले तेच वीस फॉर्म Sheet1 मध्ये आणि त्याने भरलेले Sheet2 मध्ये, दोन्हीकडे एकाच क्रमाने ठेवा आणि एकमेकांशी लावून बघा, जिथे फरक असेल तिथे फॉर्म नंबर येईल:

```
=IF(Sheet1!F2=Sheet2!F2,"",Sheet1!$A2)
```

यात एक खोड आहे. एक्सेल रिकाम्या सेलला आणि 0 ला सारखंच धरतं. एकाने 0 टाकलं आणि दुसऱ्याने सेल सोडून दिला तर फरक दिसणारच नाही, सगळं जुळलं म्हणून खूश व्हाल. म्हणून त्याआधी दोन्ही शीटमध्ये हे चालवा, उत्तर 0 आलंच पाहिजे:

```
=COUNTBLANK(F2:N21)
```

फरक कुठे येतात ते बघा, सगळे एकाच प्रश्नात असतील तर माणूस चुकत नाहीये, नियम नीट ठरलेला नाहीये. बसून नियम ठरवा, लिहून ठेवा, आणि त्या प्रश्नाचा कॉलम सगळ्या फॉर्मसाठी परत बघा.

मग आतली विसंगती. ठिबक नाही म्हणतो आणि ठिबकमधून खत सोडतो म्हणतो, असे फॉर्म शोधायला:

```
=IF(AND(F2=0,G2=1),"बघा","")
```

"बघा" आलं तर फोटो परत बघायचा, आपली चूक असेल तर सुधारायची, पण कागदावरच तसं असेल तर हात लावायचा नाही. ठिबक खरं असेल की खत, ते आपण इथे पंख्याखाली बसून ठरवणारे कोण. टीप टाका आणि पुढे चला.

शेवटी 8 वाले सगळे आणि 9 मधले संशयाचे, एवढ्यांची यादी काढायची आणि ज्या पोराने फॉर्म भरून घेतला त्याला एकदाच फोन करायचा, दर फॉर्ममागे एक फोन केला तर तो उचलणं बंद करतो. उत्तर मिळालं तर आकडा बदलायचा आणि टीपमध्ये "फोनवर विचारलं" आणि तारीख. नाही मिळालं तर 8 चा 8 च राहू द्या.

फॉर्म 37 पण त्या यादीत होता. मी विचारलं, "बंच कव्हर मोकळं का सोडलं रे त्यांनी?"

"विचारून सांगतो दादा," म्हणाला, आणि संध्याकाळी त्याचा फोन आला. "अहो ते म्हणता, बंच कव्हर काय असतं मले माहीत नाही. मी सांगितलं घडाला घालता ते, तर म्हणे मग स्कर्टिंग बॅग म्हणा ना सरळ, ते तर मी दोन वर्षांपासून घालतोय."

9 चा 1 केला, टीप टाकली. आणि मग त्या नवीन मुलीला सांगितलं, बंच कव्हर 9 असलेले बाकीचे फॉर्म पण काढ. अकरा निघाले.